गोठ्यासाठी विटा मागविण्याचे पत्र : इयत्ता सातवीचा एक पाठ

मागणीचे पत्र हा सातवीच्या मराठीतील नेहमीचा विषय आहे. विद्यार्थ्यांच्या वह्या चाळल्यास पुढील वळणाचे पत्र हमखास आढळते :

“स. न. वि. वि. आमच्या येथे गुरांच्या गोठ्याचे काम काढले आहे. तरी दोन-अडीच हजार चांगल्या विटा अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लवकर पाठवाव्यात. पैशांचे नंतर पाहू. कळावे.”

या पत्रात शुद्धलेखनाची चूक नाही. मायना आहे, विनंती आहे, शेवटही रीतीप्रमाणे आहे. शिक्षक त्यास दहापैकी आठ गुण देऊन मोकळे होतात. परंतु हेच पत्र वीटभट्टीच्या मालकाच्या हाती पडले असता त्यास एक ट्रॉलीदेखील भरता येणार नाही. भरलीच, तर ती स्वतःच्या सोयीने भरील आणि तिचे परिणाम शेतकऱ्यास सोसावे लागतील. भिंत अर्ध्यावर थांबली, भट्टी बंद झाली आणि मृगाचा पाऊस आला, तर जनावरे उघड्यावर राहतात. पत्रातील एक संदिग्ध शब्द कोठपर्यंत जाऊन पोचतो, हे मुलांस दाखवून देणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे. पाठास तीन तासिका पुरतात. पहिली प्रश्नांसाठी व हिशेबासाठी, दुसरी पत्रासाठी आणि तिसरी पत्राच्या तपासणीसाठी ठेवावी.

भट्टीवाल्याचे प्रश्न

वरील पत्र शिक्षकाने फळ्यावर लिहावे. वर्गातील एका मुलास भट्टीचा मालक करावे व त्यास इतकेच सांगावे, “हे पत्र तुला आले आहे. उद्या सकाळी गाडी भरावयाची आहे. तुला काय काय विचारावे लागेल?” बाकीच्या मुलांनी त्यास मदत करावी. ज्या गावाजवळ भट्टी आहे तेथील मुले हे प्रश्न झपाट्याने सांगतात, कारण त्यांनी भट्टीवरील व्यवहार डोळ्यांनी पाहिलेला असतो.

प्रश्न साधारणपणे असे निघतात. विटा दोन हजार की अडीच हजार? कोणत्या मापाच्या? चांगल्या म्हणजे कशा? अक्षय्यतृतीयेच्या आधी की नंतर, आणि किती दिवस? गाडी घरापर्यंत जाईल काय? उतरून कोण घेणार? भाव कोणता आणि पैसे केव्हा? प्रत्येक प्रश्न निघाला की फळ्यावरील पत्रातील ज्या शब्दामुळे तो निघाला त्या शब्दाखाली रेघ ओढावी. “दोन-अडीच”, “चांगल्या”, “सुमारास”, “लवकर” आणि “नंतर पाहू” या पाच जागी रेघा पडतील. भाषा शुद्ध असूनही पत्र का निरुपयोगी ठरते, ते मुलांस या रेघांवरूनच कळेल. निराळे व्याख्यान देण्याची गरज नाही.

विटा किती?

आकडा अंदाजाने लिहावयाचा नसून मोजून काढावयाचा असतो. त्यासाठी एक साधा गोठा घ्यावा. शेतकऱ्याजवळ दोन बैल व दोन गाई आहेत. प्रत्येक मोठ्या जनावरास दावणीशी उभे राहण्यास सुमारे १.२ मीटर रुंद जागा लागते. चार जनावरांस ४.८ मीटर झाली. वासरासाठी व ये-जा करण्यासाठी आणखी १.२ मीटर धरली, म्हणजे गोठ्याची आतील लांबी ६ मीटर होते. आतील रुंदी ४ मीटर धरू. पाया काळ्या दगडाचा असून तो जमिनीपर्यंत तयार आहे. मागची एक व बाजूंच्या दोन अशा तीन भिंती विटांच्या, १.५ मीटर उंचीच्या. पुढची बाजू उघडी. छपराचे पत्रे लोखंडी खांबांवर. भिंतीच्या वर व पुढून वारा खेळता राहिल्याने गोठा कोंदट होत नाही. मागच्या भिंतीलगत गव्हाण असून तिची पुढची भिंत ६ मीटर लांब व अर्धा मीटर उंच आहे. सर्व भिंतींची जाडी एका विटेच्या लांबीइतकी, म्हणजे २३ सेंटिमीटर आहे. गवंडी तिलाच नऊ इंची भिंत म्हणतो.

प्रथम एक चौरस मीटर भिंतीस किती विटा लागतात ते काढावे. भट्टीवरील वीट २३ सेंटिमीटर लांब, ११ सेंटिमीटर रुंद व ७.५ सेंटिमीटर जाड आहे असे समजू. दोन विटांमधील सांधा १ सेंटिमीटरचा असतो. म्हणून भिंतीच्या तोंडावर एक वीट सांध्यासह २४ सेंटिमीटर लांब व ८.५ सेंटिमीटर उंच इतकी जागा घेते. हे क्षेत्रफळ २०४ चौरस सेंटिमीटर झाले. एका चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटिमीटर असतात. त्यांस २०४ ने भागले असता ४९ येतात. नऊ इंची भिंतीत अशा विटांचे दोन पदर शेजारीशेजारी येतात (११ अधिक सांध्याचा १ अधिक ११, मिळून २३), म्हणून एका चौरस मीटरला ९८ विटा लागतात. गवंडी काही विटा आडव्या घालून दोन्ही पदर एकमेकांत गुंतवितो. त्याने या संख्येत फारसा फरक पडत नाही.

आता भिंतींचे क्षेत्रफळ. येथे मुले एक ठरावीक चूक करतात. कोपरा हा मागच्या भिंतीचा की बाजूच्या भिंतीचा, हे न ठरविल्यामुळे तो दोनदा मोजला जातो किंवा अजिबात मोजला जात नाही. म्हणून नियम सांगावा की, लांब भिंत बाहेरून बाहेर मोजावी आणि आखूड भिंती आतून आत मोजाव्यात. मागच्या भिंतीची लांबी ६ मीटर अधिक दोन्ही टोकांस २३-२३ सेंटिमीटर, म्हणजे ६.४६ मीटर. तिला १.५ ने गुणले असता ९.६९ चौरस मीटर. बाजूची प्रत्येक भिंत ४ मीटर; दोन्ही मिळून ८ मीटर, गुणिले १.५, म्हणजे १२ चौरस मीटर. गव्हाणीची भिंत ६ गुणिले अर्धा, म्हणजे ३ चौरस मीटर. एकूण २४.६९ चौरस मीटर. त्यास ९८ ने गुणले की २,४२० विटा होतात. कोपरे दोनदा मोजले असते तर ६८ विटा अधिक आल्या असत्या. मुलांकडून हा फरक मुद्दाम काढून घ्यावा.

भिंतीत २,४२० विटा बसतात, म्हणून तितक्याच मागवून चालत नाही. काही विटा गाडीत व उतरताना फुटतात. भिंतीच्या टोकांस व कोपऱ्यांस गवंडी विटा तोडून तुकडे घालतो, त्यांत काही वाया जातात. या तुटीपोटी शेकडा ५ धरल्यास १२१ विटा होतात. बेरीज २,५४१ झाली. ती पूर्ण शंभरात वाढवून २,६०० हा मागणीचा आकडा ठरवावा. “दोन-अडीच हजार” असे लिहिणाऱ्यास दोन हजार विटा आल्या असत्या, तर भिंत कंबरेच्या थोड्या वर येऊन थांबली असती.

कोणत्या मापाची?

आकड्याच्या शेजारी विटेचे माप लिहिले नाही तर आकड्यास अर्थ राहत नाही. सर्व भट्ट्यांचे साचे एकाच मापाचे नसतात. समजा, भट्टीवरून २२ सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद व ७ सेंटिमीटर जाड अशा विटा आल्या. हातात घेतल्यास हा फरक सहसा जाणवत नाही. पण सांध्यासह अशी वीट भिंतीवर २३ गुणिले ८, म्हणजे १८४ चौरस सेंटिमीटर जागा व्यापते. मग एका चौरस मीटरला दोन पदर मिळून सुमारे १०९ विटा लागतात. २४.६९ ला १०९ ने गुणले असता २,६९१ येतात, आणि तुटीचे शेकडा ५ मिळविले की २,८२६ होतात. मागविल्या होत्या २,६००. म्हणजे २२६ विटा कमी पडल्या. मागच्या भिंतीच्या एका थरात या लहान विटा सुमारे ५६ बसतात, म्हणजे तिचे वरचे चार थर राहून जातील. शेतकऱ्याने हिशेब बरोबर केला, भट्टीवाल्याने मोजून विटा दिल्या आणि तरीही काम अडले. चूक होती ती माप न लिहिण्याची.

हे उदाहरण मुलांकडून स्वतंत्रपणे सोडवून घ्यावे. शक्य झाल्यास वर्गात एक वीट आणून पट्टीने मोजावी. वीट भाजताना थोडी आकसते, म्हणून एकच वीट न मोजता पाच-सहा विटा ओळीने लावून एकूण लांबीस विटांच्या संख्येने भागावे. गावातील गवंडी फूट-इंचांत बोलतो व वर्गात मीटर शिकविले जाते, म्हणून पत्रात दोन्ही मापे द्यावीत : “२३ × ११ × ७.५ सें.मी. (नऊ इंची)”.

चांगली म्हणजे कशी?

“चांगली वीट” हे शब्द लिहिणाऱ्याच्या मनात एक व वाचणाऱ्याच्या मनात दुसरे असू शकतात. म्हणून ज्याची परीक्षा करता येईल असे गुण पत्रात लिहावेत. पारखीच्या चार साध्या रीती मुलांस प्रत्यक्ष करावयास द्याव्यात. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असता पक्क्या विटेचा आवाज खणखणीत येतो, कच्चीचा बद्द येतो. नखाने ओरखडले असता पक्क्या विटेवर ओरखडा उठत नाही. सुमारे एक मीटर उंचीवरून मातीच्या जमिनीवर सोडली असता पक्की वीट फुटत नाही. चौथी रीत वजनाची आहे. कोरडी वीट तोलून ती २४ तास पाण्यात बुडवून ठेवावी व पुसून पुन्हा तोलावी. वजनात शेकडा २० पेक्षा अधिक वाढ होता कामा नये. कोरडी वीट ३ किलोग्रॅम भरली तर भिजलेली ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर जाऊ नये. शाळेजवळच्या दुकानातील तराजूवर हा प्रयोग सहज होतो आणि शेकडेवारीचे एक खरे उदाहरण मुलांस मिळते.

गोठ्याच्या बाबतीत ही शेवटची परीक्षा विशेष महत्त्वाची आहे. गोठ्याच्या भिंतीचा तळ गोमूत्राने व धुण्याच्या पाण्याने वारंवार ओला होतो. कच्ची वीट हे पाणी शोषून घेते. पाण्याबरोबर आत गेलेले क्षार वाळताना पृष्ठभागाशी जमतात व विटेचे पापुद्रे सुटू लागतात. घराच्या आतील कोरड्या भिंतीत जी वीट कशीबशी टिकते ती गोठ्यात, विशेषतः गव्हाणीशी, लवकर झडते. उलटपक्षी, जाळाच्या अगदी जवळ राहून अति भाजलेली, काळी पडून वेडीवाकडी झालेली वीट पाणी कमी शोषते, पण तिच्याने थर सरळ बसत नाहीत. म्हणून पत्रात “पक्क्या भाजलेल्या, लाल, सरळ कडांच्या” असे लिहावे व “कच्च्या, वाकड्या आणि अर्ध्याहून लहान तुकडे मोजणीत धरले जाणार नाहीत” ही अट घालावी.

केव्हा?

दिवसांचा हिशेब शेवटाकडून आरंभाकडे करावयाचा असतो. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागते. त्यापूर्वी छप्पर पुरे झाले पाहिजे. मे महिन्यात वळवाचे पाऊस पडतात, म्हणून छपराची मर्यादा २० मे धरावी. खांब उभे करणे, पत्रे बसविणे व विटांचे दर्जे भरणे यांस दोन आठवडे धरले तर भिंती ५ मे रोजी तयार हव्यात. सिमेंटच्या मालात बांधलेली भिंत बांधून झाल्यावर निदान सात दिवस पाण्याने ओली ठेवावी लागते, म्हणजे शेवटचा थर २८ एप्रिलपर्यंत बसला पाहिजे. एक गवंडी बिगाऱ्यांसह दिवसाला साधारण ४०० विटा बसवितो असे धरल्यास २,४२० विटांस सहा दिवस पुरे होऊन थोडे काम सातव्या दिवसावर जाते. सात दिवस धरले की बांधकामाचा आरंभ २२ एप्रिल रोजी येतो. कोरडी वीट मालातील पाणी शोषून घेते व सांधा कमजोर राहतो, म्हणून विटा आदल्या दिवशी भिजवाव्या लागतात. यावरून पहिली खेप २१ एप्रिल रोजी सकाळी उतरली पाहिजे हे ठरते.

दोन्ही खेपा एकाच दिवशी का मागवू नयेत, असे मुले विचारतील. दर दिवशी ४०० प्रमाणे १,३०० विटा तीन दिवस पुरतात व थोड्या उरतात. म्हणून दुसरी खेप २४ एप्रिल रोजी आली तरी गवंड्याचा हात थांबत नाही. जागेची अडचण टळते हा एक लाभ. त्याहून मोठा लाभ असा की, पहिली खेप ही दुसरीची परीक्षा ठरते. पहिल्या विटांत काही उणे निघाले तर दुसरी गाडी भरण्यापूर्वी भट्टीवाल्यास कळविण्यास तीन दिवस मिळतात. सर्व विटा एकदम उतरल्यावर तक्रार केली तर गाडी परत भरून नेण्यास कोणी तयार होत नाही.

आता पत्र केव्हा लिहावे ते पाहू. कच्च्या विटा थापून वाळविणे, भट्टी रचणे, भाजणे व थंड होऊ देणे या कामांस बरेच दिवस जातात आणि ती सर्व कोरड्या हवेत करावयाची असतात. पाऊस पडला की थापलेल्या विटांची पुन्हा माती होते. म्हणून भट्ट्यांचा हंगाम पावसाळ्यापूर्वी संपतो. मे महिन्यात सर्वांचीच घाई असते व जो आधी बोलला त्याची गाडी आधी निघते. २१ एप्रिलच्या विटांसाठी एप्रिलच्या आरंभीच पत्र जावे हे बरे.

पत्राचा नमुना

वरील सर्व निर्णय मुलांनी घेतल्यावरच पत्र लिहावयास सांगावे. नमुना आधी वाचून दाखवू नये; मुलांची पत्रे झाल्यावर तुलनेसाठी द्यावा.

मु. पो. ………, ता. ………, जि. ………
दि. २ एप्रिल २०२६

श्री. मालक, वीटभट्टी, मु. ……… यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

गुरांच्या गोठ्यासाठी मला एकूण २,६०० (दोन हजार सहाशे) विटा हव्या आहेत. भट्टीवर आपली समक्ष भेट झाली तेव्हा आपण दाखविलेल्या नमुन्याप्रमाणे वीट २३ × ११ × ७.५ सें.मी. (नऊ इंची), पक्की भाजलेली, लाल व सरळ कडांची असावी. कच्च्या, वाकड्या व अर्ध्याहून लहान तुकडे मोजणीत धरले जाणार नाहीत.

विटा दोन खेपांत पाठवाव्यात.
पहिली खेप : १,३०० विटा, दि. २१ एप्रिल, सकाळी दहाच्या आत.
दुसरी खेप : १,३०० विटा, दि. २४ एप्रिल, सकाळी दहाच्या आत.
दोन्ही खेपा एकाच भट्टीतील असाव्यात. पहिल्या खेपेत काही उणे आढळल्यास दि. २२ एप्रिलपर्यंत आपणांस कळवीन.

ट्रॉली मारुतीच्या देवळापाशी डावीकडे वळून आमच्या खळ्यापर्यंत येते. पुलाकडील वाट अरुंद असल्याने तिकडून गाडी आणू नये. विटा आपल्या माणसांनी उतरवून थप्पी लावून द्यावयाच्या आहेत. मोजून घेण्यास मी स्वतः किंवा माझा मुलगा हजर राहू.

भाव वाहतूक व उतराई धरून दर हजारी ८,००० रुपये ठरला आहे. एकूण रक्कम २०,८०० रुपये. पैकी ४,८०० रुपये इसार आज देत आहे, त्याची पावती द्यावी. बाकी १६,००० रुपयांपैकी ८,००० पहिली खेप मोजून घेतल्यावर व ८,००० दुसरी खेप मोजून घेतल्यावर देईन.

सांगितलेल्या दिवशी खेप पाठविणे शक्य नसल्यास दि. १० एप्रिलपर्यंत कळवावे, म्हणजे गवंड्याचे दिवस बदलता येतील. पत्राची पोच द्यावी.

कळावे.
आपला,
अ. ब. क.

भावाचा आकडा केवळ हिशेबासाठी घेतला आहे. शिक्षकाने आपल्या भागातील चालू भाव चौकशी करून घालावा. पत्रातील दोन गोष्टींकडे मुलांचे लक्ष वेधावे. एक, मुख्य संख्या आकड्यात व अक्षरात अशी दोनदा लिहिली आहे. २,६०० मधील एक शून्य पुसट झाले तरी अक्षरे साक्ष देतात. दुसरी, नकार कळविण्याची तारीख घातली आहे. भट्टीवाल्यास होकार देणे सोपे असते. अडचण असल्यास ती वेळेवर कळावी यासाठी त्यास वाट मोकळी ठेवावी लागते. आजकाल अशी मागणी फोनवरून सांगण्याचा प्रघात आहे. तरीही आधी पत्र लिहून तेच फोनमध्ये पाहून वाचावे, अथवा त्याचे छायाचित्र पाठवावे. बोललेला आकडा दोघांच्या स्मरणात दोन प्रकारे राहतो व वाद होतो तेव्हा दाखविण्यास काही उरत नाही.

विटा मोजून घेणे

“मोजून घेतल्यावर” हे शब्द पत्रात आले, म्हणून मोजण्याची रीतही शिकवावी. १३ विटांची एक ओळ व अशा १० ओळी मिळून एक थर केला तर त्यात १३० विटा येतात. असे १० थर रचले की १,३०० होतात. अशी थप्पी सुमारे ३ मीटर लांब, १.१ मीटर रुंद व ७५ सेंटिमीटर उंच होते. बाहेरून लांबी, रुंदी व उंची यांतील विटा मोजून गुणाकार केला की संख्या मिळते, पण एका अटीवर : थप्पीचे पोट भरीव असले पाहिजे. आतल्या ओळीत विटा विरळ लावल्या तर बाहेरून गुणाकार १,३०० च येतो आणि विटा मात्र कमी असतात. म्हणून थप्पी लावली जात असतानाच प्रत्येक थर पाहावा. वर्गात हा प्रयोग काड्यापेट्यांनी करावा. एका गटाने पोटात पोकळी ठेवून थप्पी रचावी, दुसऱ्याने बाहेरून मोजून संख्या सांगावी, मग थप्पी मोडून खरी संख्या पाहावी.

तपासणी व स्वाध्याय

तिसऱ्या तासिकेत पत्रे शिक्षकाने न तपासता मुलांनी अदलाबदल करून तपासावीत. तपासणाऱ्याने भट्टीवाला व्हावे व पत्र वाचून पाच गोष्टी कोऱ्या कागदावर लिहाव्यात : कोणती वीट, किती, कोणत्या दिवशी, कोठे उतरवावयाची आणि किती पैसे केव्हा मिळणार. जी गोष्ट पत्रात सापडत नाही तेथे जागा कोरी सोडावी; मनाने भरू नये. मग तो कागद पत्र लिहिणाऱ्याकडे परत द्यावा. कोरी जागा दिसली की पत्रात काय राहिले ते त्याचे त्यालाच समजते. मायना, शुद्धलेखन व अक्षर यांचे गुण शिक्षकाने त्यानंतर द्यावेत. अपूर्ण पत्रास केवळ सुवाच्यतेसाठी आठ गुण देण्याची चाल मात्र सोडावी.

घरी करावयास पुढील उदाहरण द्यावे. एका शेतकऱ्याच्या गोठ्याची आतील लांबी ७.२ मीटर व रुंदी ४ मीटर आहे. भिंतींची उंची, जाडी व विटेचे माप वरीलप्रमाणेच. गव्हाण ७.२ मीटर लांब व अर्धा मीटर उंच आहे. मागच्या भिंतीत शेण बाहेर काढण्यासाठी १ मीटर रुंद व १ मीटर उंच अशी एक खिडकी सोडावयाची आहे. तुटीपोटी शेकडा ५ धरून विटांची संख्या काढावी व तीन खेपांची मागणी करणारे पत्र लिहावे. शिक्षकांच्या सोयीसाठी उत्तर असे : मागची भिंत ७.६६ मीटर, तिचे क्षेत्रफळ ११.४९ चौरस मीटर, त्यातून खिडकीचे १ वजा जाता १०.४९, बाजूच्या भिंती १२, गव्हाण ३.६, एकूण २६.०९ चौरस मीटर. विटा २,५५७, तुटीसह २,६८५, म्हणून मागणी २,७०० ची व प्रत्येक खेप ९०० ची. खिडकी वजा करण्यास जो विसरेल त्याचा आकडा तुटीसह १०३ ने वाढेल, आणि त्यास तीन समान खेपांत पूर्ण शंभर विटा बसविताना अडचण येईल. चूक कोठे आहे हे त्या अडचणीवरूनच शोधण्यास त्यास सांगावे.